पर्समधली किल्ली: एका कॅशियरची विचार-नोंद

रूपाली त्या शनिवारी संध्याकाळी सहाला माझ्या दादरच्या खोलीत आली, ती पर्स पोटाशी धरूनच. पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला घातलेले. खुर्चीवर बसली तरी पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "मॅडम, साहेबांनी सोमवारी सकाळी केबिनमध्ये बोलावलंय. संपलंच आता सगळं."

हे आमचं मानसोपचाराचं पाचवं सत्र. त्या तासाभरात आम्ही दोघींनी मिळून एक कागद भरला. त्या कागदाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. रूपालीची परवानगी घेतली आहे. नाव बदललं आहे, आणि तिला ओळखता येईल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत.

वय ३९. राहायला डोंबिवलीला. मध्य मुंबईतल्या एका बँकेच्या शाखेत चौदा वर्षं नोकरी, त्यातली नऊ वर्षं कॅश काउंटरवर. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, बोनस आणि पगार एकदम आल्याच्या गर्दीत, एका संध्याकाळी तिची रोकड जुळेना. पाच हजार रुपये कमी. तिनं व्हाउचर पुन्हा चाळली, गड्ड्या पुन्हा मोजल्या, ड्रॉवर उपसून काढला. पाचशेच्या दहा नोटा कुणाला तरी जास्तीच्या गेल्या होत्या, आणि नेणारा परत येणार नव्हता. शाखेतल्या शिरस्त्याप्रमाणे तिनं त्याच संध्याकाळी स्वतःच्या खात्यातून पैसे भरले. मॅनेजर एवढंच म्हणाले, "जरा लक्ष द्या."

त्यानंतर ती शंभर नोटांची एकेक गड्डी चार-चार वेळा मोजू लागली. काउंटरसमोर रांग वाढायची, लोक कुरकुरायचे, मग हात आणखी थरथरायचे. पहाटे तीनला जाग यायची. लोकलमध्ये छातीत इतकी धडधड व्हायची की एकदा ती ठाण्याला मधेच उतरून बाकावर बसून राहिली. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं. सगळं नीट आल्यावर त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. थायरॉइड वाढलेलं असेल तर धडधड विचारांनी होत नाही, आणि ती विचार तपासून थांबतही नाही.

पहिल्या सत्रात चिंतेच्या जीएडी-७ प्रश्नावलीवर तिचे २१ पैकी १४ गुण आले, उदासीच्या पीएचक्यू-९ वर २७ पैकी ११. दोन्ही मध्यम पातळीचे. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जगणं नकोसं होण्याबद्दलचा आहे. तो मी कागदावर सोडत नाही, समोर बसून तोंडी विचारते. रूपालीचं उत्तर स्पष्ट 'नाही' होतं. तरी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पहिल्या दिवशी सगळ्यांना देते तसा तिलाही दिला.

आता थोडं मागे जाते. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियातले मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक मनोविश्लेषणाच्या पद्धतीनं रुग्ण पाहत होते. रुग्ण मनात येईल ते बोलत असे आणि डॉक्टर ऐकत असत. बेक यांच्या लक्षात आलं की रुग्ण जे बोलतो त्याच्या बरोबरीनं त्याच्या मनात विचारांचा आणखी एक प्रवाह चालू असतो, आणि रुग्ण तो बोलून दाखवत नाही. 'मी यांना कंटाळा आणतेय', 'हे मला मूर्ख समजत असतील', अशी छोटी, झटपट वाक्यं. कुणी मुद्दाम विचार करून ती आणत नाही, ती येतात. आली की खरीच वाटतात, आणि त्यांच्या मागोमाग भावना उसळते. बेक यांनी त्यांना स्वयंचलित विचार म्हटलं. सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीचा, बराचसा डोलारा याच निरीक्षणावर उभा आहे.

मराठी वाचकाला याच घराण्यातली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत जास्त परिचयाची असेल, कारण मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. दोघांच्या रीतीत थोडा फरक आहे. एलिस माणसाच्या 'असं झालंच पाहिजे' या हट्टाला थेट भिडतात. बेक विचाराला अजून सिद्ध न झालेलं विधान मानतात आणि रुग्णाबरोबर बसून त्याचे पुरावे मांडतात. रोकडीचा हिशेब मांडण्यात आयुष्य गेलेल्या बाईला ही दुसरी रीत चटकन समजेल असं मला वाटलं. ते बरोबर निघालं, पण लगेच नाही.

तिसऱ्या सत्राच्या शेवटी, दहा मिनिटं उरली असताना, मी तिला विचार-नोंदीचा, म्हणजे एका प्रसंगातला विचार पुरावे मांडून तपासायचा, कोरा तक्ता दिला आणि घरी भरून आणायला सांगितलं. घाई केली. पुढच्या आठवड्यात तक्ता आला तो असा. प्रसंगाच्या रकान्यात 'बँकेतलं टेन्शन'. भावनेच्या रकान्यात 'मला वाटतं मी निकामी आहे'. विचाराच्या रकान्यात 'माझ्याच बाबतीत असं का होतं?' पुराव्याचे दोन्ही रकाने रिकामे. शेवटच्या, संतुलित विचाराच्या रकान्यात 'सगळं ठीक होईल, देव आहे'. भीती आधी ८०, नंतर ८०.

हा तक्ता मी जपून ठेवला आहे, कारण नोंद कुठे फसते ते त्यात सगळं दिसतं. 'बँकेतलं टेन्शन' हा प्रसंग नाही, ते वातावरण आहे. प्रसंगाला वार असतो, वेळ असते, जागा असते, समोर कोणीतरी असतं. कॅमेऱ्यात टिपता येईल तेवढाच प्रसंग. तो अर्ध्या मिनिटाचा असला तरी चालतो, किंबहुना अर्ध्या मिनिटाचाच बरा.

दुसरी अडचण आपल्या भाषेतली आहे, आणि मराठीतून काम करताना ती मला रोज भेटते. आपलं 'वाटणं' हे क्रियापद दोन कामं करतं. 'मला भीती वाटते' ही भावना. 'मला वाटतं मी निकामी आहे' हा विचार. दोन्हीकडे 'वाटतं' असल्यामुळे दुसरं वाक्य भावनेच्या रकान्यात जाऊन बसतं, आणि भावनेला पुरावा मागता येत नाही. कुणाला 'तुम्हाला दुःख होतंय याला पुरावा काय' असं विचारणं क्रूरपणाचं आहे. 'मी निकामी आहे' याला मात्र पुरावा मागता येतो, मागायलाच हवा. म्हणून मी एक साधी खूण सांगते. 'वाटतं'च्या पुढे 'की' घालून पाहायचं. 'मला वाटतं की मी निकामी आहे' हे वाक्य उभं राहतं, तेव्हा तो विचार. भावना बहुतेक वेळा एका शब्दात मावते: भीती, लाज, राग, उदासी, अपराधीपणा. कधीकधी 'भीती वाटते की साहेब ओरडतील' असं वाक्य येतं. तिथे दोन्ही एकात अडकलेलं असतं. 'भीती' एका रकान्यात, 'साहेब ओरडतील' दुसऱ्यात, असं सोडवून घ्यावं लागतं.

तिसरी चूक प्रश्नाची. 'माझ्याच बाबतीत असं का होतं?' याला खरं-खोटं करता येत नाही. पण अशा प्रश्नाच्या पोटात एक विधान दडलेलं असतं, आणि चटका त्याचाच बसतो. रूपालीला मी म्हटलं, "या प्रश्नाचं तुमच्या मनातलं उत्तर लिहा." तिनं लिहिलं, 'कारण माझ्यातच काहीतरी कमी आहे.' आता तपासायला काहीतरी हाती आलं.

आणि शेवटचं ते 'सगळं ठीक होईल'. हे वाक्य तिनं मला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं, असं तिनं नंतर सांगितलं. तिचा स्वतःचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. ज्या वाक्यावर विश्वास नाही त्यानं भावना हलत नाही, म्हणून ८० चे ८०.

चौथं सत्र यातच गेलं. मग तो शनिवार उजाडला, आणि माणूस घाबरलेला असताना, विचार ताजा असतानाच, तक्ता आमच्या समोर होता. या कामाला याहून चांगली वेळ नसते. चार दिवसांनी आठवून लिहिलेला विचार बराच सभ्य होऊन येतो.

प्रसंग तिनं स्वतःच नेमका लिहिला: 'शनिवार, दुपारी साडेचार. कॅश बंद करून उठत होते. अकाउंटंट मॅडम म्हणाल्या, सोमवारी सकाळी साहेबांना भेटा.' बस, एवढंच. अकाउंटंट मॅडमचा चेहरा कसा होता हे ती सांगायला लागली, तेव्हा मी थांबवलं. चेहरा 'गंभीर' होता हा आपण काढलेला अर्थ आहे, तो विचारांच्या रकान्यात जाईल.

भावना: भीती ८५, लाज ७०. शंभरपैकी हे आकडे तिनं अजिबात न अडखळता दिले.

"त्या क्षणी मनात काय आलं?"

"परत काहीतरी चूक सापडली असणार. मेमो देतील. नोकरीवर येईल." मग थोडं थांबून, "आणि मला तो बोर्ड दिसला. स्टाफरूममधला नोटीस बोर्ड, त्यावर माझं नाव." स्वयंचलित विचार शब्दांतच येतात असं नाही, चित्र होऊनही येतात. तेही तिनं लिहून काढलं.

नवशिकेपणी मी इथेच थांबले असते, 'नोकरी जाईल' हा विचार उचलून त्याचे पुरावे मांडायला घेतले असते. तसं करणं सोपं असतं, कारण पाच हजारांची भरलेली तूट म्हणून नोकरी जाणं अवघडच. पण आकड्यांकडे पाहा. नोकरी जाण्याच्या विचारानं भीती ८५ समजते. लाज ७० का? नोकरी जाईल म्हणून माणूस घाबरतो, एवढा शरमत नाही. म्हणजे लाजेला पोसणारा विचार अजून कागदावर आलाच नव्हता. भावना आणि विचार यांचा ताळा बसत नसेल तर विचार अपुरा आहे, एवढं मी या कामात शिकले आहे. ज्या विचारावर भावनेचा सगळा भार असतो तो सापडेपर्यंत पुढच्या रकान्यात जायचं नाही.

तो शोधायला एक साखळी लावतात. आलेल्या उत्तराशी वाद घालायचा नाही, ते खरं धरून चालायचं आणि त्याचा अर्थ विचारत खाली उतरायचं.

"समजा, चूक सापडली आहे. मग?"

"सगळ्या स्टाफला कळेल."

"कळलं. त्यात तुम्हाला सगळ्यात जास्त काय लागेल?"

"ते म्हणतील, हिच्याकडे कॅश कशी दिली?"

"आणि असं ते म्हणाले, तर तुमच्याबद्दल त्याचा काय अर्थ होतो?"

इथे ती बराच वेळ गप्प राहिली. खाली रस्त्यावरच्या हॉर्नचे आवाज येत होते. मी काही बोलले नाही. ही शांतता मोडायची नसते, विचार तिच्यातूनच वर येतो. मग ती अगदी हळू म्हणाली, "की मी भरवशाची नाही. पैशाच्या बाबतीत माझ्यावर भरवसा ठेवता येत नाही." आणि डोळे भरून आले.

डोळे भरणं, आवाज खाली जाणं, बोलणं मधेच तुटणं, यावरून नेमका विचार हाती लागल्याचं समजतं. किती खरं वाटतं विचारल्यावर म्हणाली, "नव्वद टक्के."

मागे ती सांगत होती की तिचे वडील लालबागच्या त्यांच्या चाळीतल्या गणपतीचे खजिनदार होते. गिरणी कामगार माणूस, पण वर्गणीच्या वहीत चार आण्यांचा फरक आला तर रात्रभर जागायचे. 'पैशाला हात लावायचा तर हिशेब चोख' हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. हा विचार एवढा खोल का रुतला ते यावरून कळतं. तरीही त्या दिवशी मी वडिलांकडे वळले नाही. मूळ धारणांचं काम वेगळं आणि सावकाशीचं असतं. विचार-नोंद एका प्रसंगातल्या एका विचारापुरती असते. तिच्यात लहानपण ओतलं की कागद पसरतो आणि हाती काही राहत नाही.

आता पुरावे. आधी विचाराच्या बाजूचे, हे मी आग्रहानं करते. उलट बाजूनं सुरुवात केली की समोरच्याला वाटतं, ही मला समजावायला बसली आहे. पहिला पुरावा: दिवाळीत पाच हजार कमी आले. दुसरा: साहेबांनी 'लक्ष द्या' म्हटलं. तिसरा तिनं लिहिला, 'मला आतून तसं वाटतं'. त्यावर मी तिच्याच धंद्यातलं विचारलं, "एखादा ग्राहक म्हणाला, मला आतून वाटतं की माझ्या खात्यात दहा हजार जास्त आहेत, तर तुम्ही द्याल?" ती पहिल्यांदा जराशी हसली आणि ती ओळ खोडली. चौथा होता, 'सगळे माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात'. तो ठेवावा की काढावा यावर आम्ही बोललो. नजरेचा अर्थ तिनं लावलेला होता, कोणी काही बोललं नव्हतं. तोही खोडला. उरले दोन. दोन्ही खरे होते, ते तसेच राहू दिले.

मग विरुद्ध बाजू. कॅशवर किती दिवस बसलात, विचारलं. वर्षाला सुट्ट्या, रजा आणि दुसऱ्या टेबलावरचे दिवस वजा करून अडीचशे धरले, गुणिले नऊ. सव्वादोन हजार दिवस. त्यांत तूट किती वेळा? तिला तिन्ही वेळा तारखेसकट आठवत होत्या: एकदा शंभर, एकदा पाचशे, आणि हे पाच हजार. तिन्ही वेळा त्याच दिवशी सांगितलं, त्याच दिवशी भरलं. एकदा एका दुकानदाराच्या भरण्यात दहा हजार जास्त आले होते, ते तिनं फोन करून परत दिले. हे लिहिताना तिचा चेहरा मात्र हलला नाही. "ते तर कुणीही करेल," म्हणाली. असं खूपदा होतं. विरुद्ध पुरावे कागदावर येतात, पण माणूस त्यांना वजनच देत नाही. तेव्हा पुराव्यांची संख्या वाढवून उपयोग नसतो. त्याच विचाराला थेट भिडणारा एखादा हवा असतो. विचार होता भरवशाचा, म्हणून प्रश्नही भरवशाचा विचारला.

"तुमच्यावर भरवसा नाही असं बँकेला वाटलं असतं, तर बँकेनं काय केलं असतं?"

"कॅशवरून काढलं असतं." थोडं थांबून, "नाहीतर किल्ली काढून घेतली असती."

"कसली किल्ली?"

तिनं सांगितलं. तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, दोन वेगळ्या माणसांकडे असतात, एकीनं तिजोरी उघडत नाही. त्यातली एक दोन वर्षांपासून तिच्याकडे आहे. मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलं, "दिवाळीनंतर ती कोणाकडे गेली?"

रूपालीनं उत्तर दिलं नाही. तिचा हात पर्सवर गेला आणि तिथेच राहिला. मग तिनं चेन उघडली, आतल्या कप्प्यातून सेफ्टी पिन लावलेली कापडी थैली काढली आणि दोन बोटांनी वरूनच चाचपली. किल्ली तिथेच होती. शाखेची अख्खी रोकड ज्या किल्लीवर आहे ती तूट आल्यानंतर इतके आठवडे तिच्याच पर्समध्ये रोज डोंबिवलीला जात होती आणि परत येत होती. थैली पुन्हा आत ठेवून, चेन लावून, तिनं स्वतःच पेन उचललं.

भरलेला कागद शेवटी असा झाला:

प्रसंग: शनिवार, दुपारी साडेचार. अकाउंटंट मॅडम म्हणाल्या, सोमवारी साहेबांना भेटा.

भावना: भीती ८५, लाज ७०.

विचार: परत चूक सापडली असणार. मेमो देतील. (नोटीस बोर्डवर नाव दिसलं.) पैशाच्या बाबतीत माझ्यावर भरवसा ठेवता येत नाही – ९० टक्के.

बाजूनं: दिवाळीत पाच हजार कमी आले. साहेब 'लक्ष द्या' म्हणाले.

विरुद्ध: सुमारे सव्वादोन हजार दिवसांत तीन वेळा तूट. तिन्ही वेळा लपवली नाही, त्याच दिवशी भरली. दुकानदाराचे दहा हजार परत दिले. तुटीनंतरही तिजोरीची किल्ली माझ्याकडेच.

संतुलित विचार: गर्दीत माझ्याकडून पाच हजारांची चूक झाली, आणि नोटा मोजणाऱ्या माणसाकडून ती पुन्हाही होऊ शकते. पण मी चूक लपवत नाही, आणि बँकेनं किल्ली माझ्याकडून काढलेली नाही. साहेबांनी का बोलावलंय ते मला अजून माहीत नाही – ७५ टक्के.

आता: भीती ५०, लाज २५.

भीती ५० वरच थांबली हे मला योग्य वाटलं. सोमवारी काय आहे हे खरोखरच माहीत नव्हतं. ज्या गोष्टीची शहानिशा झालेली नाही तिची थोडी भीती राहणं हे शहाणपणाचंच आहे. ती शून्यावर आणायचा मी प्रयत्न केला असता, तर रूपालीनं पुन्हा मला बरं वाटावं म्हणून आकडा दिला असता. लाज मात्र त्या एका विचारावर उभी होती, म्हणून ती घसरली.

संतुलित विचारातलं 'ती पुन्हाही होऊ शकते' हे वाक्य तिला आधी नको होतं. मी ठेवायला लावलं. त्याचं कारण सोमवारी कळलं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं होतं ते त्याच पाच हजारांसाठी. अंतर्गत तपासणीत त्या तुटीवर शेरा आला होता आणि तिच्याकडून लेखी खुलासा हवा होता. म्हणजे तिची शंका खरी निघाली! ती मला म्हणाली, "केबिनमध्ये गेले तेव्हा पाय लटपटत होते. पण खुलासा म्हणजे काय लिहायचं, तर जे आपण शनिवारी लिहिलं तेच. किती कमी आले, कधी सांगितले, कधी भरले. अर्धं पान झालं." साहेबांनी वाचलं, सही केली, फाइलला लावायला सांगितलं. किल्लीचा विषय निघालाच नाही.

'सगळं ठीक होईल' या वाक्यावर ती केबिनमध्ये गेली असती, तर शेरा ऐकताच ते वाक्य तिथेच फुटलं असतं आणि तिच्या मनातल्या जुन्या विचाराला नवा पुरावा मिळाला असता. वाईट बातमी खरी ठरली तरी जे वाक्य उभं राहतं तेच संतुलित. नोंद चांगली झाली की नाही हे मी आता याच कसोटीवर बघते.

पण कागदावर पटलेलं हातांना पटायला वेळ लागतो. संतुलित विचार पंचाहत्तर टक्के पटला तरी ती गड्डी चार वेळाच मोजत होती. आणि चार वेळा मोजत असल्यामुळे तिला दर संध्याकाळी वाटायचं, 'चार वेळा मोजलं म्हणून आज जुळलं.' पुरावा जमा होतच नव्हता, मोजणी त्याचं श्रेय घेऊन जात होती. म्हणून सातव्या सत्रात आम्ही एक प्रयोग ठरवला. शाखेची पद्धत मशीननं एकदा आणि हातानं एकदा मोजायची. त्या पद्धतीला हात लावायचा नाही, लोकांचे पैसे आहेत. वरच्या दोन मोजण्या फक्त सोडायच्या, दहा कामाचे दिवस. आधी तिचा अंदाज लिहून घेतला: 'दहा दिवसांत निदान एकदा पाचशेच्या वर तूट येईल.' खात्री ७० टक्के. अंदाज आधी लिहिणं फार गरजेचं, नाहीतर निकाल लागल्यावर मन म्हणतं, मला तसं काही वाटतच नव्हतं.

पहिले दोन दिवस तिला घाम फुटला. तिसऱ्या दिवसापासून रांग लवकर हलू लागली. दहा दिवसांत एकदा फरक आला: दहा रुपये, तेही जास्त. दहाव्या दिवशी त्या भरवशाच्या विचारावरची खात्री विचारली तर ३० वर आली होती. माझ्या अनुभवात मोठी हालचाल बहुतेक वेळा इथे होते. नोंद ठेवली की काय तपासायचं ते कळतं, पण प्रत्यक्ष तपासणी काउंटरवर होते.

यानंतर एक गोष्ट बिघडली, ती सांगायलाच हवी. आठव्या सत्राला ती मोबाइलवर लिहिलेल्या बावीस नोंदी घेऊन आली. लोकलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, रात्री झोपताना, दिवसाला तीन-तीन. मला आधी कौतुक वाटलं, मग वाचू लागले तेव्हा लक्षात आलं की शेवटचा रकाना सगळीकडे शब्दशः तोच आहे. नोंद लिहिली की पाच-दहा मिनिटं बरं वाटायचं, मग शंका परत यायची, मग पुन्हा नोंद. गड्डी मोजणं थांबलं होतं आणि तिची जागा नोंदीनं घेतली होती. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत: तोच विचार, तेच शब्द, थोड्या वेळाचा दिलासा, आणि लिहिल्याशिवाय चैन न पडणं. ज्यांना सतत खातरजमा करायचा आजार असतो त्यांच्या बाबतीत हे फारच लवकर होतं, त्यांच्यासाठी उपचाराची वाट वेगळी असते. रूपालीला तो आजार नव्हता, पण कल त्या दिशेचा होता. आम्ही नोंद दिवसातून जास्तीत जास्त एक अशी ठेवली, आणि तीही विचार नवा असेल तरच. एकदा तपासलेला विचार पुन्हा आला तर 'हा तोच' असं मनात म्हणून पुढची नोट मोजायची.

दुसरी मर्यादाही तिच्याच प्रकरणात दिसली. एका नोंदीत विचार होता, 'महिनाअखेर पैसे पुरत नाहीत'. आम्ही पुरावे मांडले आणि तो खराच निघाला. घराचा हप्ता, सासूबाईंची औषधं, मुलीचा क्लास, यांची बेरीज पगाराच्या बाहेर जात होती. खऱ्या विचाराला विचार-नोंद लावणं हे त्या माणसावर अन्याय करणं आहे. तो कागद आम्ही बाजूला ठेवला आणि नवऱ्याला एका सत्राला बोलावून तिघांनी खर्च मांडला. क्लासचे पैसे तीन हप्त्यांत देता आले. बाकीचं अजून ओढाताणीचंच आहे.

एकूण बारा सत्रं झाली, साधारण चार महिन्यांत. शेवटी जीएडी-७ वर ६ आणि पीएचक्यू-९ वर ५ गुण. झोप पाचपर्यंत लागते. पगाराच्या दिवशी ती अजून तिसऱ्यांदा मोजते, आणि ते तिला सोडायचं नाही. मीही आग्रह धरला नाही.

तीन महिन्यांनी ठरल्याप्रमाणे ती पुन्हा भेटायला आली. मधल्या काळात एकदा दोनशे रुपये कमी आले होते. त्या संध्याकाळची नोंद तिनं पासबुकाच्या कव्हरमधून काढून दाखवली. प्रसंग लिहिला होता, भावनेत 'वैताग ४०' होतं, विचारात 'दोनशे गेले'. पुढचे रकाने कोरे. मी विचारलं, पुढचं का नाही भरलं? म्हणाली, "लाज नव्हतीच त्यात, मॅडम. दोनशे भरले, सही केली आणि गाडी पकडली."